f''(c) = 0 आल्यावर पहिली कसोटी की दुसरी?

f'(x) = 0 सोडवलं, क्रिटिकल पॉइंट मिळाले, दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला, त्यात c घातला आणि उत्तर आलं शून्य. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी इथे गप्प बसते. आता दोन रस्ते उरतात. एक म्हणजे त्याच वाटेने पुढे जायचं: तिसरा, चौथा डेरिव्हेटिव्ह काढत राहायचं, जोवर शून्य नसलेलं काही हाती लागत नाही. दुसरा म्हणजे मागे वळून f' कडे यायचं आणि c च्या डाव्या-उजव्या बाजूला त्याचं चिन्ह बघायचं. दोन्ही कसोट्या काय म्हणतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच, म्हणून व्याख्या पुन्हा लिहीत नाही. खाली f' चं चिन्ह बघणारीला थोडक्यात पहिली कसोटी आणि f''(c) चं चिन्ह बघणारीला दुसरी कसोटी म्हणतो.

आधी हे शून्य काय सांगतं ते नीट ठरवू. x⁴, −x⁴ आणि x³ ही तीन फंक्शनं घ्या. तिन्हींसाठी x = 0 वर पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य, दुसराही शून्य. पण पहिल्याला तिथे स्थानिक किमान आहे, दुसऱ्याला स्थानिक कमाल, आणि तिसऱ्याला यातलं काहीच नाही. म्हणजे f''(c) = 0 एवढ्याच माहितीवर तिन्ही उत्तरं शक्य राहतात. तरीही उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य असतं, "f''(c) = 0, म्हणून c हा इन्फ्लेक्शन पॉइंट आहे." x⁴ च्या बाबतीत हे सरळसरळ चूक आहे. कसोटी "मला माहीत नाही" म्हणते, आणि आपण ते "कमाल नाही, किमानही नाही" असं ऐकतो. या एका गैरसमजात जितके गुण जातात, तितके आकडेमोडीच्या चुकांतही जात नसावेत, असं मला वाटतं.

कसोटी गप्प का बसते हे समजलं की निवड बरीच सोपी होते. दुसरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे f' च्या आलेखाचा चढ. c वर f' शून्य आहे, म्हणजे f' चा आलेख तिथे x-अक्षाला भेटतो. तिथे त्याचा चढ धन असेल तर तो अक्ष खालून वर ओलांडणारच: डावीकडे f' ऋण, उजवीकडे धन, म्हणून किमान. चढ ऋण असेल तर तो वरून खाली ओलांडतो, म्हणून कमाल. दुसरी कसोटी एवढंच करते. f' चिन्ह बदलतो का, हा पहिल्या कसोटीचाच प्रश्न ती एका बिंदूवरचा चढ पाहून सोडवते. चढच शून्य असेल तर f' चा आलेख अक्षाला सपाट टेकतो. मग तो नुसता टेकून परत फिरेल, किंवा सपाट होत होत अक्ष ओलांडून जाईल. एका बिंदूवरच्या चढावरून या दोहोंतला फरक कळायचा नाही. तो आजूबाजूला बघूनच कळतो, आणि आजूबाजूला बघणं हेच तर पहिल्या कसोटीचं काम.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

f(x) = x⁵ − 5x⁴

f'(x) = 5x⁴ − 20x³ = 5x³(x − 4). क्रिटिकल पॉइंट दोन: x = 0 आणि x = 4.

f''(x) = 20x³ − 60x² = 20x²(x − 3). x = 4 वर f'' = 20 · 16 · 1 = 320, धन, म्हणून तिथे किमान; किंमत f(4) = 1024 − 1280 = −256. इथवर दुसऱ्या कसोटीने उत्तम काम केलं. x = 0 वर मात्र f'' = 0.

पहिल्या कसोटीने जायचं तर f' चं चिन्ह प्रत्येक अंतरालात बघायचं. 5 धनच आहे, म्हणून x³ आणि (x − 4) या दोन अवयवांची चिन्हं पुरतात:

```
x < 0      : (−)(−) = +   f चढतं
0 < x < 4  : (+)(−) = −   f उतरतं
x > 4      : (+)(+) = +   f चढतं
```

x = 0 पाशी चिन्ह धनाचं ऋण झालं, म्हणून स्थानिक कमाल. x = 4 पाशी ऋणाचं धन झालं, म्हणून स्थानिक किमान. दुसऱ्या कसोटीने सांगितलेलं x = 4 चं उत्तर याच तीन ओळींत पुन्हा मिळालं, तेही f'' न काढता.

दुसऱ्या कसोटीच्याच वाटेने पुढे गेलो तर f''' = 60x² − 120x, x = 0 वर शून्य. मग चौथा: 120x − 120, x = 0 वर −120. नियम असा: f' पासून मोजत जाताना पहिला शून्येतर डेरिव्हेटिव्ह n वा असेल आणि n सम असेल तर कमाल किंवा किमान आहे, त्या डेरिव्हेटिव्हच्या चिन्हानुसार, n विषम असेल तर दोन्ही नाही. इथे n = 4, किंमत ऋण, म्हणून कमाल. उत्तर तेच. हा विस्तारित नियम कोलिन मॅक्लॉरिन यांनी १७४२ सालीच दिला होता, तेव्हा तो काही नवखा जुगाड नाही. बहुपदी असेल तर या वाटेला दोन ओळी जास्त लागतात एवढंच, आणि तिथे मी कोणाशी फारसा वाद घालणार नाही.

या उदाहरणात इन्फ्लेक्शन पॉइंटचा गोंधळही स्वच्छ दिसतो. f'' दोन ठिकाणी शून्य होतो, x = 0 आणि x = 3 वर. x = 0 च्या दोन्ही बाजूंना 20x²(x − 3) ऋणच राहतो, म्हणजे वक्र दोन्हीकडे पालथ्या वाटीसारखाच आहे; वळण बदलत नाही. ते बदलतं x = 3 वर, आणि तिथे f' = 5 · 27 · (−1) = −135, म्हणजे x = 3 हा क्रिटिकल पॉइंट नाहीच. f'' शून्य झाला म्हणून x = 0 ला इन्फ्लेक्शन म्हणणाऱ्याने कमाल गमावली, आणि खरा इन्फ्लेक्शन पॉइंट भलतीकडेच होता. इन्फ्लेक्शन ठरवायला f'' चं चिन्ह दोन्ही बाजूंना बदलतं का हे बघावं लागतं. थोडक्यात, तिथेही आजूबाजूला बघण्यावाचून सुटका नाही.

माझ्या दृष्टीने पारडं झुकवणारी कटकट बहुपदीत जाणवत नाही, भागाकारात जाणवते. हे घ्या:

f(x) = x³/(x² + 1)

भागाकाराच्या नियमाने f'(x) = [3x²(x² + 1) − 2x⁴]/(x² + 1)², अंश सोपा केला की x⁴ + 3x², म्हणजे

f'(x) = x²(x² + 3)/(x² + 1)²

क्रिटिकल पॉइंट एकच, x = 0. आता दुसऱ्या कसोटीची सवय असलेला माणूस काय करतो? पुन्हा भागाकाराचा नियम लावतो. अंशाचा डेरिव्हेटिव्ह 4x³ + 6x, छेदाचा 4x(x² + 1), गुणाकार, वजाबाकी, मग वर-खाली (x² + 1) चा एक घात छाटायचा. बहुतेक वेळा चूक होते ती या छाटण्यातच: अंशातल्या दोन पदांपैकी एकातूनच (x² + 1) काढला जातो. सगळं नीट केलं तर

f''(x) = 2x(3 − x²)/(x² + 1)³

आणि x = 0 घातल्यावर शून्य. अर्धं पान लिहून झालं आणि हाती काहीच आलं नाही. आता तिसरा डेरिव्हेटिव्ह काढायचा तर छेद चौथ्या घातावर जाणार. आणि जे उत्तर हवं होतं ते f' मध्ये आधीपासून लिहिलेलंच होतं: x² कधी ऋण नाही, x² + 3 धन, छेद धन. म्हणजे f' दोन्ही बाजूंना धन, चिन्ह बदलत नाही, आणि x = 0 वर कमालही नाही, किमानही नाही. फंक्शन सगळीकडे चढतंच आहे. ती ओळ नुसती वाचायची होती.

मला दुसऱ्या कसोटीची जी अडचण वाटते ती हीच. ती चुकीचं उत्तर कधीच देत नाही. पण ती गप्प बसणार आहे हे कळतं सगळं काम झाल्यावर. आणि सगळ्यात जास्त गप्प बसते ती अशाच ठिकाणी जिथे दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायला त्रास होतो, कारण f' मध्ये (x − c) चा मोठा घात येतो तो बहुधा गुणाकार-भागाकारांच्या घोळातूनच.

सुदैवाने ती गप्प बसणार हे आधीच ओळखता येतं, आणि ते ओळखायची पद्धत पहिल्या कसोटीच्याच पोटात आहे. f' चे अवयव पाडा आणि c शी संबंधित अवयव वेगळा काढा:

f'(x) = (x − c)^m · g(x), g(c) ≠ 0, g सलग

m एक असेल तर f''(c) = g(c), शून्य नाही; दोन्ही कसोट्या चालतील. m दोन किंवा जास्त असेल तर f''(c) शून्यच येणार, मग तो काढण्यात अर्थ नाही. m सम असेल तर (x − c)^m दोन्ही बाजूंना धन, f' चिन्ह बदलत नाही, कमाल-किमान नाही. m विषम असेल तर चिन्ह बदलतं. मग g(c) धन असेल तर किमान, ऋण असेल तर कमाल. वरच्या दोन उदाहरणांवर ताडून बघा. x⁵ − 5x⁴ मध्ये c = 0 साठी m = 3 आणि g(0) = 5 · (−4) = −20, म्हणून कमाल. x³/(x² + 1) मध्ये m = 2, म्हणून काहीच नाही. इथे चाचणीसाठी एकही संख्या घालावी लागली नाही.

जाता जाता, हा m आणि मॅक्लॉरिनच्या नियमातला n यांचं नातं साधं आहे: n = m + 1. दोन्ही रस्ते एकच संख्या शोधतात. एक ती अवयवांत वाचतो, दुसरा डेरिव्हेटिव्ह घेत घेत मोजतो.

पहिल्या कसोटीची बाजू घेताना तिच्यात लोक कुठे चुकतात हेही सांगायला हवं, कारण तिच्यावरचा मुख्य आक्षेप रास्त आहे. अवयव न पाडता चाचणीच्या किमती घालून बघायच्या असतील, तर त्या कुठल्या घ्यायच्या? x⁵ − 5x⁴ मध्ये x = 0 ची तपासणी करताना डावीकडे −1 आणि उजवीकडे 5 घेतले असं समजा. f'(−1) = 5 · (−1) · (−5) = 25, धन. f'(5) = 5 · 125 · 1 = 625, धन. निष्कर्ष निघेल की चिन्ह बदललं नाही, कमाल नाही. पूर्ण चूक. 5 हा शेजारच्या क्रिटिकल पॉइंटच्या, म्हणजे 4 च्या, पलीकडे आहे आणि मध्ये चिन्ह एकदा उलटलेलं आहे. चाचणीची किंमत नेहमी c आणि शेजारचा क्रिटिकल पॉइंट यांच्या मध्येच हवी. f' जिथे अस्तित्वात नाही असे बिंदूही या हिशेबात शेजारीच धरायचे. म्हणून पहिल्या कसोटीला सगळे क्रिटिकल पॉइंट आधी माहीत असावे लागतात. दुसऱ्या कसोटीला त्यांची गरज नसते, ती फक्त c कडे बघते. हा तिचा खरा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

उलट टोकाची चूकही होते. c च्या "अगदी जवळ" म्हणून 0.001 घेतात. f'(0.001) = 5 · 10⁻⁹ · (−3.999), म्हणजे साधारण −2 × 10⁻⁸. कॅल्क्युलेटर चार दशांश स्थळांवर लावलेला असेल तर तो शून्य दाखवतो आणि वहीत शून्य उतरतं. अंतरालाच्या आतली 1 सारखी सोयीची संख्या घेतली तर f'(1) = −15, संशयाला जागाच नाही. एका अंतरालात f' चं चिन्ह एकच राहतं, त्यामुळे जवळ जाण्याचा काही फायदा नसतो.

दुसरी कसोटी जिथे मी बिनदिक्कत वापरतो ते प्रसंग वेगळे आहेत. x log x घ्या. f' = log x + 1, क्रिटिकल पॉइंट 1/e, f'' = 1/x, तिथे धन, किमान. एका ओळीत काम होतं. पेटी, कुंपण, खर्च अशा शाब्दिक उदाहरणांतही बहुधा असंच असतं: f'' सहज निघतो आणि शून्य येत नाही. पण प्रश्नात अज्ञात स्थिरांक असला की सावध राहावं लागतं. समजा विचारलंय, a च्या कोणत्या किमतींसाठी x⁴ + ax² ला x = 0 वर स्थानिक किमान आहे? f'' = 12x² + 2a, म्हणून f''(0) = 2a. दुसरी कसोटी म्हणते a > 0 ला किमान, a < 0 ला कमाल. बरेच जण इथेच थांबतात आणि उत्तर a > 0 लिहितात. a = 0 ला कसोटी गप्प आहे, तिने नकार दिलेला नाही; आणि a = 0 म्हणजे x⁴, ज्याला किमान आहेच. बरोबर उत्तर a ≥ 0. f' = 2x(2x² + a) असं लिहिलं असतं तर a = 0 ला f' = 4x³, विषम घात, हे लगेच दिसलं असतं. बहुपर्यायी प्रश्नात a > 0 आणि a ≥ 0 हे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, आणि ते तसे का ठेवलेत हे आता उघड आहे.

आता पहिल्या कसोटीला जिथे घाम फुटतो ते बघू. f(x) = cos x + x²/2 घ्या. f' = x − sin x, f'' = 1 − cos x. x = 0 वर दोन्ही शून्य. f' चे अवयव पडत नाहीत, (x − c)^m वेगळा काढता येत नाही. डेरिव्हेटिव्ह घेत जाणं मात्र सोपं आहे: f''' = sin x, x = 0 वर शून्य; चौथा cos x, x = 0 वर 1. n = 4, धन, म्हणून किमान. इथे विस्तारित दुसरी वाट खरंच जवळची आहे आणि परीक्षेत वेळ कमी असेल तर मीही तीच सुचवेन.

तरी पहिल्या कसोटीनेही ते सुटतं, आणि ते कसं हे शिकण्यासारखं आहे. f'' = 1 − cos x ची x = 0 वरची किंमत निरुपयोगी आहे, पण त्याचं आजूबाजूचं चिन्ह निरुपयोगी नाही. cos x कधी 1 पेक्षा मोठा नसतो, म्हणून f'' कुठेच ऋण नाही, आणि शून्य होतो तो सुट्या सुट्या बिंदूंवरच. म्हणून f' सतत वाढतं. वाढणारं f' जर x = 0 वर शून्य असेल तर डावीकडे ऋण आणि उजवीकडे धन असणारच. किमान. म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह टाकून द्यायचा नसतो. c वरची त्याची किंमत विचारण्याऐवजी c भोवतालचं त्याचं चिन्ह विचारायचं. अवयव न पडणाऱ्या f' साठी माझी पहिली पसंती हीच.

डेरिव्हेटिव्ह घेत राहण्याच्या वाटेची हद्द कुठे संपते हे ऑगस्तँ कोशीने १८२०च्या दशकात दाखवलेल्या एका फंक्शनात दिसतं:

f(x) = e^(−1/x²), x ≠ 0; f(0) = 0

x = 0 वर याचा पहिला, दुसरा, तिसरा, दहावा, कोणताही डेरिव्हेटिव्ह काढा, शून्यच येतो. n कधी सापडतच नाही, ती वाट संपतच नाही. पहिल्या कसोटीला ते एका ओळीत सुटतं: f' = (2/x³) · e^(−1/x²), घातांकी भाग नेहमी धन, म्हणून चिन्ह x³ चं. डावीकडे ऋण, उजवीकडे धन, किमान. फक्त संख्या घालून तपासायला जाऊ नका. x = 0.05 घेतलं तर e^(−400), म्हणजे 10⁻¹⁷³ पेक्षाही लहान. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर 10⁻⁹⁹ च्या खाली गेला की शून्य दाखवतो. चिन्ह अवयवांवरून वाचायचं, आकड्यावरून नाही.

असं फंक्शन परीक्षेत क्वचितच येतं हे खरं. पण यावरून इतकं कळतं की दोन कसोट्यांची ताकद सारखी नाही. विस्तारित दुसऱ्या कसोटीने सुटणारं प्रत्येक उदाहरण पहिल्या कसोटीनेही तत्त्वतः सुटतं, कारण n वा डेरिव्हेटिव्ह शून्येतर असला की c च्या दोन्ही बाजूंना, पुरेसं जवळ, f' चं चिन्ह ठरलेलंच असतं. उलट दिशेने मात्र तसं म्हणता येत नाही. पहिल्या कसोटीला f हे c वर सलग असावं लागतं ही अट पुस्तकांत ठळक दिलेली असते, पण आपल्या प्रसंगात तिची काळजी नको: f''(c) काढता आला याचा अर्थ f तिथे सलग आहेच.

तर माझा कल असा: f' काढल्यावर लगेच f'' कडे धावू नये. f' चे अवयव पाडावेत. (x − c) चा घात 1 दिसला आणि f'' सोपा असला, तर खुशाल दुसरी कसोटी वापरावी. घात 2 किंवा जास्त दिसला तर f'' काढूच नये, घाताची समता आणि g(c) चं चिन्ह एवढ्यावर उत्तर लिहावं. अवयव पडत नसतील तर f'' चं भोवतालचं चिन्ह बघावं, आणि तेही अवघड वाटलं तरच तिसऱ्या-चौथ्याकडे जावं. ज्यांना डेरिव्हेटिव्ह भराभर काढता येतात आणि अवयव पाडायचा कंटाळा आहे, त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. बहुपदींपुरता तोही चालून जातो.

एक गाठ अशी आहे जिथे दोन्ही कसोट्या हात टेकतात, आणि ती f''(c) = 0 मधलीच आहे:

f(x) = x⁴(2 + sin(1/x)), x ≠ 0; f(0) = 0

इथे f'(0) = 0 आणि f''(0) = 0, दोन्ही व्याख्येने, म्हणजे लिमिट घेऊन, तपासता येतात. x = 0 सोडून इतरत्र f' = 4x³(2 + sin(1/x)) − x² cos(1/x). शून्याजवळ x² चं पद x³ च्या पदाला भारी पडतं आणि cos(1/x) सारखा चिन्ह बदलत राहतो. x = 1/(4π) वर f' = x²(8x − 1), ऋण; जरा आत, x = 1/(5π) वर, f' = x²(8x + 1), धन. आणखी आत गेलात तर पुन्हा ऋण, पुन्हा धन. c च्या उजवीकडे f' चं एक चिन्ह असं उरतच नाही, म्हणून पहिली कसोटी लागू होत नाही. तिसरा डेरिव्हेटिव्ह x = 0 वर अस्तित्वातच नाही, म्हणून दुसऱ्या वाटेलाही पुढे रस्ता नाही. तरीही x = 0 वर किमान आहे. sin कधी −1 च्या खाली जात नाही, म्हणून 2 + sin(1/x) किमान 1, आणि म्हणून f(x) ≥ x⁴, जे x ≠ 0 ला f(0) पेक्षा मोठंच आहे. डेरिव्हेटिव्ह न घेता, स्थानिक किमानच्या मूळ व्याख्येवरून, एका असमानतेत.